कसंनुसं कोणाला झालं?

नौपाड्यात राहणारी माझी आत्या मराठीची निवृत्त शिक्षिका. न कळलेला शब्द वहीत उतरवायचा, शेजारी जागा मोकळी सोडायची आणि अर्थ सापडला की ती जागा भरायची, ही तिची चाळीस वर्षांची सवय. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी तिच्याकडे गेले, तेव्हा चहाच्या आधी तिनं वही पुढे केली. पानावर तीन छोट्या ओळी होत्या. 'क्रिंज'. 'सिंप अंकल'. 'काकू, सीरियसली?' आणि या तिसरीच्या पुढे पेनानं काळजीपूर्वक काढलेली एक लहानशी कवटी. चौथ्या नोंदीनं पुढचं सबंध पान भरलं होतं, कारण तो शब्द नव्हता, कोणाशी तरी झालेला वाद होता.

"यातली शिवी कुठली आणि कुठली नाही, तेवढं सांग," आत्या म्हणाली. "बाकीचं मी बघते."

झालं होतं असं. आत्याला तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, मुरबाडकडच्या जात्यावरच्या ओव्या मिळालेल्या आहेत. ऐकून ऐकून पाठ झालेल्या. त्या आपल्याबरोबर जाऊ नयेत म्हणून काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, फोन हातात धरून इन्स्टाग्रामसाठी तिचे रील्स काढायला सुरुवात केली. स्वयंपाकघराची खिडकी, मागे कुकर, समोर आत्या. पहिले तीन रील्स नातेवाइकांनी आणि तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी पाहिले. चौथा मात्र अनोळखी लोकांपर्यंत गेला आणि अनोळखी लोक आले तसे हे शब्दही आले.

मी एका मराठी खाद्यपदार्थांच्या चॅनेलच्या कमेंट्स सांभाळते. नऊ वर्षं झाली. पुरणपोळीच्या खाली लोक एकमेकांना काय काय म्हणतात ते मी रोज वाचते, ठेवायचं ते ठेवते, लपवायचं ते लपवते. त्यामुळे हे शब्द मला नवे नव्हते. नवी होती ती त्यांच्याकडे पाहण्याची आत्याची पद्धत. ती प्रत्येक शब्दाचं वाक्यात काय होतं ते विचारत होती. कर्ता कोण, कर्म कोण. वर्गात विचारायची तसंच. दुपारभर आम्ही त्या दोन पानांवर बसलो आणि नऊ वर्षांत मला न दिसलेलं काहीतरी त्या दिवशी दिसलं.

कवटीचं पटकन उरकलं. आत्यानं ती शाप म्हणून घेतली होती. कोणीतरी आपल्या मरणावर टपलंय असं वाटून तिला रात्री झोप लागली नव्हती. हल्लीच्या मुलांमध्ये कवटीचा अर्थ 'हसून हसून मेलो' असा आहे. मेलेला असतो तो लिहिणारा. हसणं टर उडवणारं असेलही, पण त्यात धमकी नाही. आत्यानं वहीत लिहिलं, 'कवटी: तो स्वतः मेला', आणि तिचा चेहरा बराच सैलावला.

मग 'सिंप अंकल'. ही कमेंट आत्याला नव्हती, काकांना होती. काकांनी रीलखाली लिहिलं होतं, "फार छान. आवाज अजून तसाच आहे." त्याच्याखाली कोणीतरी हे दोन शब्द टाकले. काकांना वाटलं 'सिंपल' लिहिताना शेवटचं अक्षर राहिलं असेल, म्हणून त्यांनी आभाराचे हात जोडले.

'सिंप' हा इंग्रजीतल्या 'सिंपलटन', म्हणजे भोळसट, या शब्दाचा तुकडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी बोलीत तो 'बावळट' एवढ्याच अर्थानं वापरात होता. पुढे १९८०-९० च्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या रॅप गाण्यांत त्याला वेगळी धार आली. बायकांवर सत्ता गाजवणारा पुरुष एका टोकाला आणि बाईपुढे नमणारा, हळवा पुरुष दुसऱ्या टोकाला, आणि या दुसऱ्याचं नाव सिंप. तिथून तो इंटरनेटवरच्या, बायकांबद्दल मनात अढी असलेल्या पुरुषांच्या गटांत गेला आणि २०१९-२० च्या सुमारास टिकटॉकवरून जगभरच्या शाळा-कॉलेजांत पसरला. आजचा त्याचा साधारण अर्थ असा: एखाद्या स्त्रीच्या नजरेत भरावं म्हणून तिच्यासाठी वाजवीपेक्षा जास्त करणारा पुरुष, तेही तिच्याकडून काही मिळण्याची शक्यता नसताना.

"बाईलवेडा," आत्या म्हणाली.

अगदी तसं नाही. बाईलवेडा स्वतःच्या बायकोच्या मुठीत असतो. सिंप ज्या बाईसाठी झिजतो ती त्याची कोणीच नसते, हाच त्या टोमण्याचा गाभा आहे. म्हणून शब्दाच्या अर्थानंच पाहिलं तर काका सिंप होऊ शकत नाहीत. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या आवाजाला छान म्हणणारा माणूस काय मिळवायला निघालाय? पण लिहिणाऱ्याला हे नातं ठाऊकच नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की एका पुरुषानं एका बाईचं कौतुक केलं. या शब्दामागचा जो हिशेब आहे, बाईला दिलेला प्रत्येक चांगला शब्द कशाच्या तरी बदल्यात असतो आणि बदल्यात काही मिळालं नाही तर देणारा मूर्ख, तो हिशेब मला फार वाईट वाटतो. तो गृहीत धरला की साध्या कौतुकाला जागाच उरत नाही. गेम खेळतानाचं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या ट्विच या साइटनं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं होतं, की दुसऱ्याला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला तर कारवाई होईल. जाहीर करण्याची वेळ यावी इतका तो वापरला जात होता.

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही खरं आहे. त्याच्या गटात 'सिंप' प्रेमानं म्हणतात. एखादी मुलगी स्वतःच सांगते, की मी अमक्या गायकासाठी सिंप आहे, म्हणजे त्याच्यावर लट्टू आहे. मित्र मित्राला सिंप म्हणतो ते आपण 'येड्या' म्हणावं तसं. आत्याला हे लगेच पटलं, कारण 'गाढवा' हा शब्द तिनं वर्गात आयुष्यभर मायेनं वापरला होता. फरक इतकाच, की 'गाढवा' म्हणणारी आणि ऐकणारा एकाच वर्गात बसलेले असतात. कमेंट करणारा कुठे बसलाय ते कोणालाच माहीत नसतं. त्याचा सूर ऐकू येत नाही, आणि सूर काढून घेतला की 'येड्या'सुद्धा लागतो.

आता 'क्रिंज'. आमची अर्धी दुपार यातच गेली.

आत्याला याचं व्याकरण हवं होतं. इंग्रजीत 'क्रिंज' हे मुळात क्रियापद. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या वाकणं, कोसळणं अशा अर्थाच्या धातूपर्यंत जातं. पुढे भीतीनं किंवा लाचारीनं अंग चोरणं असा त्याचा अर्थ झाला, आणि त्याहून पुढे, काहीतरी ओशाळवाणं पाहून किंवा ऐकून अंग आक्रसणं. स्नेहसंमेलनात एखादं मूल रंगमंचावर भाषण विसरतं आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या पायाची बोटं आवळतो, ते. म्हणजे क्रिंज होणारा हा पाहणारा असतो. आक्रसतं ते त्याचं अंग. जो रंगमंचावर उभा आहे त्याच्याबद्दल हे क्रियापद काहीच बोलत नाही.

"म्हणजे कसंनुसं होणं," आत्या म्हणाली.

मी इतकी वर्षं 'क्रिंज'ला मराठी शब्द शोधत होते आणि तो तिनं असा सहज ठेवला. कसंनुसं. आणि मराठीत तो कसा येतो पाहा: 'मला कसंनुसं झालं.' ज्याला झालं तो वाक्यात उभा राहतो. मराठीत अशा सगळ्या भावना आपल्याला होतात, वाटतात, येतात. मला लाज वाटली, मला किळस आली, मला कसंनुसं झालं. हा 'मला' टाळता येत नाही. 'तू कसंनुसं आहेस' असं वाक्य मराठीत होतच नाही.

इंटरनेटच्या इंग्रजीत मात्र नेमकं तेच झालं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत क्रियापदाचं विशेषण झालं. 'हे पाहून मी आक्रसलो' याच्या जागी 'हे क्रिंज आहे' आलं, आणि तिथून 'ही बाई क्रिंज आहे'. पाहणाऱ्याच्या अंगात झालेली गोष्ट उचलून समोरच्याच्या अंगावर चिकटवली. पाहणारा वाक्यातून निघून गेला. त्याला तसं का झालं, त्याची सवय कुठली, घर कुठलं, कान कशावर पोसलेला, हे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर निघून गेले. उरलं ते दुसऱ्याच्या स्वभावाचं प्रमाणपत्र.

आपल्याकडे हा शब्द घराघरांत पोचला तो २०२० मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यात यूट्यूबवाले विरुद्ध टिकटॉकवाले असं भांडण पेटलं होतं. टिकटॉकवाल्यांची टर उडवणारा एका लोकप्रिय यूट्यूबरचा व्हिडिओ काही दिवसांत कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि मग छळासंबंधीच्या नियमांचा भंग झाला म्हणून यूट्यूबनं तो काढून टाकला. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि ते भांडण तिथंच राहिलं. पण त्या महिन्यांत 'क्रिंज' कोणाला म्हटलं जात होतं ते मला आठवतं. शेताच्या बांधावर नाचणारा मुलगा. गच्चीवर सिनेमातला संवाद म्हणणारं, चाळिशी ओलांडलेलं जोडपं. डोळ्यांत पाणी आणून गाणं म्हणणारी, पदर घेतलेली बाई. यातल्या काहींचं काम खरोखर कच्चं होतं. पण तितकंच कच्चं काम चकचकीत फ्लॅटमध्ये, इंग्रजी उच्चारांत झालं, की त्याला क्रिंज म्हणणारे पुष्कळच कमी असायचे.

त्याच काळात त्याच्या जोडीला 'छपरी' हा शब्द आला. रंगवलेले केस, घट्ट पँट आणि आवाज करणारी बाइक असलेल्या पोरांना सर्रास छपरी म्हणतात. हा शब्द छप्परबंद या समाजाच्या नावावरून आल्याचं सांगितलं जातं. छपरं शाकारणाऱ्यांचा समाज. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत तो आजही आहे. मी सांभाळते त्या चॅनेलवर 'छपरी' दिसलं की मी लपवते, त्यात चर्चा नाही. माझ्या मुलानं घरात एकदाच वापरला. त्याला मी ही यादी उघडून दाखवली.

'क्रिंज'ला जातीचं नाव चिकटलेलं नाही. तरी मला तो वाचताना माझा कॉलेजातला पहिला महिना आठवतो. ठाण्यातल्या मराठी माध्यमातून मी मुंबईच्या एका कॉलेजात गेले होते. तिथं आम्हा मराठी माध्यमवाल्यांना 'व्हर्नी' म्हणत. 'व्हर्नाक्युलर'चा तुकडा. दोन घट्ट वेण्या, डबा उघडल्यावर येणारा लसणाच्या चटणीचा वास, 'स्नॅक'चा उच्चार, यातलं काहीही व्हर्नी असू शकायचं. मी काय केलं म्हणून व्हर्नी, याला उत्तर नव्हतं. मी वर्गात हात वर करणं थांबवलं. मला उत्तरं येत होती. जवळजवळ वर्षभर मी हात वर केला नाही. त्या वर्षाचं मला आजही दुःख आहे, आणि आत्याच्या वहीत 'क्रिंज' वाचल्यावर घशात आवंढा आला तो त्याच वर्षाचा.

आत्या माझं ऐकत होती. मग म्हणाली, "पण त्याला खरंच कसंनुसं झालं असेल तर? मी ओवी म्हणताना डोळे मिटते, डुलते. आजकालच्या मुलाला ते पाहवलं नसेल. ते खोटं कसं म्हणू?"

हे तिचं म्हणणं मी तेव्हापासून सोबत घेऊन हिंडते आहे. तिनं त्या मुलाला त्याच्या जागी परत उभं केलं. त्याच्या कमेंटचं तिनं मनातल्या मनात मराठी केलं: 'मला कसंनुसं झालं.' आणि मराठी झाल्याबरोबर त्यातला डंख गेला, कारण आता ते आत्याबद्दलचं वाक्यच राहिलं नाही. वहीत तिनं अर्थ लिहिला तोही तसाच, 'क्रिंज: (बघणाऱ्याला) कसंनुसं होणं'. कंसासकट.

चौथी नोंद राहिली होती. ती अशी. एका माणसानं, किंवा बाईनं, फोटो नसलेल्या खात्यावरून लिहिलं: "ओवी ज्ञानेश्वरांनी लिहिली. बायकांच्या या गाण्याला ओवी म्हणत नाहीत. आधी मराठी शिका."

आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईला. आत्या रात्री साडेदहाला उठून बसली आणि तिनं उत्तर लिहिलं. जात्यावरची ओवी ज्ञानेश्वरीच्या आधीची आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. 'मानसोल्लास' हा सोमेश्वर राजाचा संस्कृत ग्रंथ ११२९ चा, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे. दीडशेहून जास्त वर्षं आधी. सगळं बरोबर होतं. समोरून एकच शब्द आला: "पुरावा?" आत्यानं 'ओवी गेया तु कण्डने' ही मूळ ओळ लिहिली. समोरून: "संस्कृत येतं म्हणजे मराठी येतं असं नाही." आत्यानं मराठीतून अर्थ लिहिला. समोरून: "एवढ्या का चिडलात काकू?" ती चिडलेली नव्हती, तसं तिनं लिहिलं. समोरून: "मग रात्री बारा वाजता उत्तर का देताय?" तिची एकूण अकरा उत्तरं होती, तीन-चार ओळींची, शुद्धलेखन तपासलेली. त्याची सगळी मिळून एका ओळीत बसली असती.

मी तिला म्हटलं, याला ट्रोल म्हणतात, आणि शब्दाचा जो सगळ्यात जुना, नेमका अर्थ आहे त्या अर्थानं म्हणतात. हल्ली ज्याला त्याला ट्रोल म्हणतात तसं हे नाही.

इंग्रजीत 'ट्रोलिंग' हा मासेमारीतला शब्द आहे. होडी संथ चालवायची, मागे दोरीला आमिष लावलेला गळ सोडायचा आणि ओढत न्यायचा, मासा आपणहून तोंड लावतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट नावाच्या चर्चागटांच्या जाळ्यावर हा शब्द रुळला. तिथल्या जुन्या मंडळींचा एक खेळ असे. शंभरदा चघळून झालेला प्रश्न किंवा उघड चुकीचं विधान मुद्दाम टाकायचं. जुने लोक ओळखून गप्प राहायचे. नवखा मात्र कळवळून दुरुस्त करायला धावायचा आणि गळाला लागायचा. उत्तर देणारा जितका विद्वान, जितका प्रामाणिक, तितका खेळ रंगायचा. स्कँडिनेव्हियाच्या लोककथांतला पुलाखालचा राक्षसही ट्रोलच. त्याचं रूप नंतर या शब्दाला चिकटलं आणि 'ट्रोलला खाऊ घालू नका' ही ताकीद आली.

आत्या गळाला लागली ती तिला इंटरनेट कळत नाही म्हणून नाही. तिला ओवी कळते आणि ओवीबद्दल चुकीचं काही तिला सोसवत नाही, म्हणून. चांगला ट्रोल आमिष निवडतो ते माशाच्या आवडीचं.

ओळखायचं कसं, हे तिनं विचारलं. माझी खूण एकच आहे. एकदा नीट उत्तर द्यायचं आणि त्या उत्तराचं पुढे काय होतं ते पाहायचं. खरोखर चुकलेला माणूस उत्तराला चिकटून बोलतो, मान्य करतो नाहीतर त्यातलीच चूक काढतो. ट्रोलचा पुढचा प्रश्न दुसऱ्याच जागी असतो. ओवीच्या इतिहासावरून तो पुराव्यावर गेला, पुराव्यावरून संस्कृतवर, संस्कृतवरून आत्याच्या रागावर, रागावरून घड्याळावर. तिनं पाचही जागी उत्तर दिलं आणि तो एकाही जागी थांबला नाही. त्याला ओवीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला ती उत्तर देतेय एवढंच हवं होतं.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वितंडा."

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, ते तिनं मला समजावले. सत्य शोधण्यासाठी करायचा तो वाद. जिंकण्यासाठी करायचा तो जल्प, त्यात छल, म्हणजे शब्दांची ओढाताण, सगळं चालतं, पण स्वतःची बाजू असते. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता केवळ समोरच्याची मोडत राहायची, ती वितंडा. काही मराठी वर्तमानपत्रं ट्रोलला 'जल्पक' म्हणतात. शब्द मला आवडतो, पण आत्याच्या मते तो अर्ध्यांनाच बसतो. एखाद्या पक्षासाठी किंवा नटासाठी झुंडीनं येऊन शिव्या देणारे, ते जल्पक, कारण त्यांना जिंकायचं असतं, त्यांची बाजू असते. गळ टाकणारा तो हा वैतंडिक. दोघांना एकच 'ट्रोल' शब्द वापरला की उपाय चुकतो. वैतंडिकाला उत्तर न देणं पुरतं, भूक लागली की तो दुसरीकडे जातो. झुंड गप्प राहिल्यानं जात नाही, तिथं कमेंट्स काही दिवस बंदच कराव्या लागतात. आणि धमकी किंवा फोटोशी छेडछाड असेल तर ते ट्रोलिंगच नव्हे, तो गुन्हा. त्यासाठी पडद्याचे फोटो काढून ठेवायचे, cybercrime.gov.in वर तक्रार करायची, पोलीस ठाण्यात जायचं.

व्याकरणाची गंमत इथंही निघाली. आत्यानं त्या दिवशीचं वर्तमानपत्र उचललं. मनोरंजनाच्या पानावर एक मथळा होता, अमुक अभिनेत्री कपड्यांवरून 'ट्रोल'. "हे वाक्य बघ," ती म्हणाली. मराठीत आपण 'ती ट्रोल झाली' म्हणतो. 'झाली'. जणू ती आजारी झाली, उत्तीर्ण झाली. गळ टाकणारा नाहीसा झाला, माशालाच 'ट्रोल' म्हटलं. 'क्रिंज'मध्ये पाहणारा गळून पडला होता, इथं बोलणारा गळून पडला. सिंपमध्ये तर ज्यानं हिशेब मांडला तो कोण, हे विचारण्याची सोयच नाही. तिन्ही शब्दांत ज्याच्यामुळे गोष्ट घडली तोच वाक्याबाहेर उभा आहे. हे मला नऊ वर्षांत दिसलं नव्हतं म्हणाले ते हेच.

मग आम्ही फोन घेतला. वैतंडिकाच्या खात्यावर मी तिला `Restrict` दाबायला सांगितलं. ब्लॉक केलं तर ते त्याच्या लक्षात येऊ शकतं आणि तो दुसऱ्या खात्यावरून परत येऊ शकतो. `Restrict` केल्यावर त्याची नवी कमेंट त्याची त्यालाच दिसते, इतरांना आपण परवानगी दिली तरच, आणि आपण मर्यादा घातली हे त्याला कळवलं जात नाही. तो रिकाम्या खोलीत गळ टाकत राहतो. तिची अकरा उत्तरंही काढायला सांगितली, कारण ज्या कमेंटखाली उत्तरं वाढतात ती बऱ्याचदा वर दिसू लागते आणि नवा माणूस ओवी ऐकण्याआधी भांडण वाचतो. तिनं दहा काढली. 'मानसोल्लास'चं ठेवलं. "ते कोणाला तरी उपयोगी पडेल," म्हणाली. मी हट्ट केला नाही.

`Hidden Words` मध्ये आपल्याला नको ते शब्द भरता येतात, म्हणजे ते असलेल्या कमेंट्स आपोआप लपतात. याची मर्यादा अशी की यंत्र अक्षरं जुळवतं, अर्थ जुळवत नाही. शब्द रोमनमध्ये, देवनागरीत, चुकीच्या स्पेलिंगनं, प्रत्येक रूपात वेगळा भरावा लागतो. 'छपरी' आम्ही सहा प्रकारे भरला. पण तोच शब्द भरल्यामुळे 'छपरी' म्हणू नका असं सांगणाऱ्याची कमेंटही लपते. म्हणून लपवलेल्या कमेंट्स आठवड्यातून एकदा चाळायच्या असतात. 'क्रिंज' भरायचा का, मी विचारलं. नको म्हणाली.

शेवटी तिनं वहीत नसलेली एक कमेंट दाखवली. तिनं ती उतरवून घेतली नव्हती, कारण त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. "आवाज गोड आहे पण वरच्या सुराला फाटतोय, पट्टी उतरवा." त्यावर तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं बाईंच्या मायेपोटी लिहिलं होतं, 'ट्रोलिंग बंद करा.' आत्यानं मला विचारलं, हा ट्रोल का? मी म्हटलं, हा काय करायचं ते सांगतोय. त्यानं सांगितलेलं केलं तर ओवी सुधारेल, आणि सुधारली तर त्याचं काम संपेल.

आत्यानं त्याला उत्तर लिहिलं: "बरोबर आहे. आईची पट्टी खाली होती, मी उगीच चढवली." विद्यार्थिनीलाही लिहिलं, "अगं, ते ट्रोल नाहीत. ऐकणारे आहेत."

पाचवं रील तिनं काळी पाचवरून काळी चारवर उतरवून म्हटलं. मी तिथंच होते. काकांनी फोन धरला, पहिल्यांदा हात हलला, म्हणून पुन्हा घेतलं. ते टाकून झाल्यावर काका फोन हातात घेऊन बसून राहिले आणि म्हणाले, "मी लिहू का नको आता काही?"

"लिहा," आत्या आतून म्हणाली. "पण या वेळी कुठली ओवी आवडली तेही लिहा."